गरोदरपणातले चालणे आणि खाणे

पंचावन्न किलो वजनाची गरोदर बाई सपाट रस्त्यावर अर्धा तास बेताच्या वेगाने चालली, तर तिच्या शरीराला साधारण 90 उष्मांक लागतात. मध्यम आकाराच्या एका केळ्यातून एवढेच उष्मांक मिळतात. निरोगी गरोदरपणातल्या हलक्या व्यायामाला किती अन्न लागते, याचा अंदाज या एका तुलनेवरून येतो. चालणे, श्वासाचे व्यायाम, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली केलेली सोपी आसने किंवा घरातल्या घरात हातपाय हलवणे यांसाठी वेगळे जेवण, प्रोटीन पावडर किंवा ताकदीची पेये लागत नाहीत. लक्ष द्यायचे ते तीन गोष्टींकडे: आधीच्या खाण्याला किती तास झाले आहेत, रक्तात लोह पुरेसे आहे का, आणि चालण्याला डॉक्टरांची परवानगी आहे का.

परवानगीचा विचार सगळ्यात आधी करावा लागतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच ठरते. निरोगी गरोदरपणात आठवड्याला एकूण 150 मिनिटे मध्यम हालचाल असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास आणि आठवड्यातले पाच दिवस, असा त्याचा सोपा हिशेब होतो. मात्र ‘निरोगी’ हा शब्द तपासणीनंतरच लावता येतो. वार खाली असणे, पिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असणे, रक्तदाब वाढलेला असणे, अंगावरून रक्त जाणे, हृदयाचा आजार, रक्त फारच कमी असणे, आधी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झालेली असणे किंवा जुळे असणे, यांपैकी काहीही असेल तर किती चालायचे, की चालायचेच नाही, हे डॉक्टर ठरवतात. म्हणून पहिल्या तपासणीतच डॉक्टरांना सरळ विचारावे: किती वेळ चालू, किती वेगाने, आणि कोणता व्यायाम टाळू? प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांची मोफत तपासणी होते. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर हे प्रश्न तिथे विचारता येतात.

वेग बरोबर आहे की नाही, हे बोलण्यावरून कळते. चालता चालता सोबतच्या बाईशी पूर्ण वाक्यात बोलता आले तर वेग ठीक. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करायचा. गाणे म्हणण्याइतका श्वास उरत असेल तर चालणे फारच निवांत आहे, थोडा वेग वाढवला तरी चालेल.

आता खाण्याकडे वळू. ‘आता दोघांसाठी खा’ असे प्रत्येक घरात सांगतात. पहिल्या तीन महिन्यांत बाळ इतके लहान असते की त्याच्यासाठी वेगळे उष्मांक जवळपास लागतच नाहीत. त्या दिवसांत मळमळीत जे पोटात टिकेल ते थोडे थोडे खाणे, एवढेच पुरे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीत गरोदर बाईसाठी रोज 350 जादा उष्मांक धरले आहेत. ताटात मांडून पाहिले तर एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि पेलाभर दूध यांतून ते भरून निघतात. दोन माणसांचे जेवण कुठेच लागत नाही. चालण्याचे 90 उष्मांक त्यात मिळवले तरी हिशेब फार बदलत नाही.

याच्या उलट टोकाची समजूतही खेड्यापाड्यांत अजून आढळते. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, म्हणून कमी खावे, असे काही घरांत सांगितले जाते. कमी खाल्ल्याने बाळंतपण सोपे होत नाही. बाळ कमी वजनाचे जन्मते आणि आईच्या अंगातले लोह, कॅल्शियम आणि स्नायू मात्र झिजतात. अशा घरातली बाई रोज चालायलाही लागली, तर तिचे शरीर दोन्हीकडून ओढले जाते. वजन वाढते आहे की नाही, हे दर तपासणीच्या वेळी कार्डावर लिहिले जाते. गरोदरपणाआधी वजन उंचीच्या मानाने योग्य असलेल्या बाईचे वजन पूर्ण दिवसांत साधारण 11 ते 16 किलो वाढणे अपेक्षित धरले जाते. आधीच कृश असलेल्या बाईचे त्याहून अधिक वाढायला हवे आणि स्थूल बाईचे कमी. चालणे सुरू केल्यावर दोन तपासण्यांमध्ये वजन जागच्या जागी राहिले किंवा घटले, तर आधी खाणे वाढवायचे आणि डॉक्टरांना सांगायचे. चालणे त्यांच्या सल्ल्याने कमी करायचे.

गरोदरपणात पोट जास्त वेळ रिकामे राहिले तर शरीर नेहमीपेक्षा लवकर उपाशी अवस्थेत जाते. बाळ आईच्या रक्तातली साखर रात्रंदिवस घेत असते. त्यामुळे रात्रीच्या जेवणानंतर नऊ-दहा तासांनी आईच्या रक्तातली साखर, गरोदर नसलेल्या बाईच्या मानाने, अधिक खाली आलेली असते आणि शरीर चरबी जाळायला लागलेले असते. त्याच अवस्थेत उठून चालायला गेले, तर उरलेली साखर स्नायूही ओढून घेतात.

नेहमी आढळणाऱ्या तक्रारींची गोळाबेरीज करून एक उदाहरण घेऊ. नाशिकमधली सत्तावीस वर्षांची बाई, सहावा महिना, वजन 58 किलो. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे. रात्री साडेआठला जेवण, सकाळी उठल्यावर अर्धा कप चहा आणि त्याच चहाबरोबर लोहाची गोळी, साडेसहाला फेरफटका. जेवण आणि चालणे यांत दहा तासांचे अंतर, मध्ये फक्त चहा. विसाव्या मिनिटाला तिला घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. ती कट्ट्यावर बसते, सोबतच्या बाईने दिलेले केळे खाते आणि दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटते.

साखर उतरल्याची शंका यायला एवढे पुरेसे आहे, पण हा पुरावा मात्र नाही. गरोदरपणात रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब थोडा उतरतो, आणि उभे राहिल्यावरही गरगरू शकते. बसल्याने बरे वाटले, की केळ्याने, हे रस्त्यावर सांगता येत नाही. म्हणून त्या दिवशीचे चालणे तिथेच थांबवायचे आणि पुढच्या भेटीपर्यंत न थांबता डॉक्टरांना फोन करून सांगायचे.

डॉक्टरांनी तपासून बदल सुचवले ते साधे होते. उठल्याबरोबर अर्धे केळे आणि अर्धा पेला दूध, अर्ध्या तासाने चालायला निघायचे, आणि परतल्यावर तासाभरात नीट न्याहारी करायची. रात्री झोपण्याआधी पेलाभर दूध आणि मूठभर शेंगदाणे, म्हणजे रात्रीचा उपवासही आखूड झाला. चालण्याआधीचे खाणे असेच हलके असावे. केळे, दोन खजूर, राजगिऱ्याचा लहान लाडू, मुरमुऱ्यांवर चिमूटभर डाळे, जे पचेल ते. पोहे, उपमा किंवा थालीपीठ खाऊन लगेच निघाले तर जळजळ होते, कारण गरोदरपणात अन्न जठरात जास्त वेळ राहते आणि वाढलेली पिशवी जठर वर ढकलते. जेवणानंतरच चालायचे असेल, तर जेवण थोडे आणि चालणे अगदी सावकाश, असा मेळ घालावा लागतो.

पहिल्या चार दिवसांत अंधारी येणे थांबले. पण एक तक्रार राहिलीच. पूर्वी ज्या चढावर ती बोलत बोलत चढायची, तिथे आता मध्येच थांबावे लागत होते, आणि जिन्यानेही छातीत धडधड व्हायची. महिनाभरापूर्वी हे नव्हते. हिमोग्लोबिन तपासले तेव्हा 9.4 निघाले.

या उदाहरणातली खरी गाठ इथे आहे. गरोदरपणात रक्ताचे एकूण प्रमाण सुमारे 40 ते 50 टक्के वाढते. पाण्याचा अंश लाल पेशींपेक्षा अधिक वाढत असल्याने हिमोग्लोबिन थोडे उतरणे स्वाभाविक असते, पण 11 च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 दरम्यान, देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे व्यायामाला निघणाऱ्या दोघींपैकी एकीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी आहे. अशा बाईचे थकणे आळसाचे नसते. ‘सवय नाही म्हणून दमतेस’ असे म्हणून तिला आणखी चालायला लावणे चुकीचे आणि अन्यायाचे आहे. स्नायूंना आणि बाळाला एकाच अपुऱ्या साठ्यातून प्राणवायू पुरवायचा असतो, आणि हृदय वेगाने धडधडून ती तूट भरत असते. हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तर व्यायाम बंद, आणि उपचार ताबडतोब दवाखान्यातच.

नाशिकच्या बाईच्या हिमोग्लोबिनची तूट बेताची होती. ‘रक्तक्षयमुक्त भारत’ कार्यक्रमानुसार निरोगी गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज लोह आणि फॉलिक ॲसिडची एक लाल गोळी 180 दिवस देतात. त्या गोळीत 60 मिलीग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. रक्तक्षय सौम्य किंवा मध्यम असेल तर डॉक्टर गोळ्या दोन करतात आणि महिन्याने पुन्हा रक्त तपासतात. महिन्यात हिमोग्लोबिन एकानेही वाढले नाही, तर कारण शोधावे लागते आणि शिरेतून लोह द्यायचे का हे ठरते. गोळ्यांची संख्या स्वतःच्या मनाने वाढवायची नसते.

तिच्या बाबतीत कारण मिळाले ते कपात. लोहाची गोळी ती रोज चहाबरोबर घेत होती, आणि चहातील द्रव्ये लोहाला बांधून टाकतात. कधी सकाळी राहून गेली तर कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊन टाकत होती, आणि कॅल्शियमही लोहाच्या शोषणात आडवे येते. गोळी चुकली नव्हती, पण तिच्यातले लोह पोहोचत नव्हते. डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या. जेवणानंतर तासाभराने लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर लोहाची गोळी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या जेवणाबरोबर, दोहोंत निदान दोन तासांचे अंतर. चहा गोळीपासून तास-दीड तास दूर. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व वनस्पतींतले लोह शोषायला मदत करते. म्हणून पालेभाजी आणि डाळीच्या जेवणावर लिंबू पिळावे आणि बाजरीच्या भाकरीबरोबर आवळ्याची फोड घ्यावी. गूळ-शेंगदाण्याच्या लाडवाला रक्तवाढीचे श्रेय दिले जाते. त्यातून उष्मांक आणि काही प्रथिने मिळतात, लोह मात्र गोळीची जागा घेण्याइतके मिळत नाही. महिनाभर तिचे चालणेही बदलले. चढ बंद, सपाटीवर पंधरा मिनिटे, बोलता येईल अशा वेगाने. महिन्याने हिमोग्लोबिन 10.6 आले तेव्हा पाच पाच मिनिटे वाढवायला परवानगी मिळाली.

या गोळ्यांनी शौचाला काळसर होते. घाबरण्याचे कारण नाही. बद्धकोष्ठता झाली तर गोळी सोडू नये, डॉक्टरांना सांगून वेळ किंवा गोळीचा प्रकार बदलून घ्यावा. गोळी टाकून देणाऱ्या अनेकींचे खरे कारण मळमळ असते आणि तेच सांगायचे राहून जाते.

प्रथिनांच्या बाबतीत आकड्यांपेक्षा ताट पाहणे सोपे. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला एरवी सुमारे 46 ग्रॅम प्रथिने लागतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात त्यावर साडेनऊ आणि अखेरच्या तीन महिन्यांत 22 ग्रॅम जादा लागतात. म्हणजे शेवटी रोज 68 च्या आसपास. भाकऱ्या, पोळ्या आणि भात यांतूनच त्यातली बरीच मिळतात, हे आपण मोजायला विसरतो. उरलेल्यासाठी दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ, दोन पेले दूध किंवा दही, मूठभर शेंगदाणे आणि चालत असेल तर एक-दोन पूर्ण उकडलेली अंडी, एवढे पुरते. मासे खाणाऱ्या किनारपट्टीवरच्या बायकांना बांगडा आणि तारली चांगल्या, पण शार्कसारख्या मोठ्या माशांत पारा साठतो, म्हणून ते टाळावेत. डाळ एकाच जेवणात सगळी न खाता तिन्ही खाण्यांत विभागली तर पोटही फुगत नाही. दुकानातल्या प्रोटीन पावडरीत साखर, गोडवा आणणारे पदार्थ किंवा वनौषधींचे अर्क असू शकतात. डॉक्टरांना डबा दाखवल्याशिवाय ती घेऊ नये.

पाण्याचा हिशेब महाराष्ट्राच्या हवामानात वेगळाच होतो. दिवसाला अडीच ते तीन लिटर हा ढोबळ आकडा झाला. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातल्या बाईला त्याहून अधिक लागते. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद पिवळा झाला किंवा लघवीला चार-पाच तास जावेच लागले नाही, तर पाणी कमी पडले असे समजावे. चालायला निघण्याआधी एक पेला, परतल्यावर एक, आणि लांब चालायचे असेल तर सोबत बाटली. ताक, कोकम सरबत आणि शहाळे चांगले, फक्त रक्तदाब जास्त असणाऱ्या बाईने त्यांतले मीठ आणि पथ्य डॉक्टरांना विचारून घ्यावे. हलक्या व्यायामाला साखर-क्षाराची पाकिटे लागत नाहीत, आणि कॅफीन असलेली ‘एनर्जी’ पेये गरोदरपणात घेऊच नयेत. उन्हाळ्यात चालायची वेळ सूर्योदयाच्या आसपास किंवा संध्याकाळी उशिरा ठेवावी, कारण पहिल्या महिन्यांत आईच्या शरीराचे तापमान फार वाढणे बाळासाठी चांगले नसते.

उपवासाचा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक पंधरवड्यात येतो. संकष्टी किंवा एकादशी करणारी बाई दिवसभर फराळ करत असेल तर उपाशी नसते, पण साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिने शेंगदाण्यांपुरतीच असतात. त्या दिवशी दूध, ताक, राजगिरा आणि भगर यांची जोड द्यावी आणि चालणे अर्ध्यावर आणावे. निर्जळी उपवास गरोदरपणात करूच नये. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबायचे म्हटले तरी अंतर बारा तासांचे होते, आणि त्याच्या आगेमागे व्यायाम करणे म्हणजे साखर उतरायला आमंत्रण आहे. धर्मशास्त्रातही गरोदर बाईला सवलत आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनीच पुढाकार घेऊन सांगितले तर सुनेला बरे वाटते.

साखर वाढलेल्या बाईचे नियम उलटे असू शकतात. भारतात 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात प्यायला देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. साखर 140 किंवा त्याहून अधिक आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांदरम्यान होते. अशा बाईला जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याचा फायदा होतो, कारण स्नायू जेवणातली साखर ओढून घेतात. पण चालण्याआधी केळे आणि खजूर खाण्याचा सल्ला तिला लागू होत नाही, आणि इन्सुलिन चालू असेल तर साखर फार खाली येण्याची भीती असते. तिच्या खाण्याच्या आणि चालण्याच्या वेळा डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांनी तिच्या आकड्यांवरून ठरवायच्या असतात. शेजारणीने तसेच केले म्हणून आपणही करू नये.

अखेरच्या महिन्यांत भूक लहान होते आणि जळजळ वाढते. तेव्हा तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान खाणी करावीत. व्यायामातही फरक करावा लागतो. चौथ्या महिन्यानंतर उताणे झोपून करायचे प्रकार टाळावेत, कारण पिशवीचा भार पाठीमागच्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि गरगरते. पोट वाढल्याने तोल पुढे सरकतो, म्हणून ओबडधोबड वाट, खूप चढ-उतार आणि पडण्याची भीती असलेले प्रकारही टाळावेत.

काही लक्षणांवर मात्र केळे किंवा विश्रांती हा उपाय नाही. अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, ठरावीक अंतराने दुखून कळा येणे, छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, कमी न होणारी डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे चमकणे, एका पोटरीत सूज आणि दुखणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर व्यायाम तिथेच थांबवून दवाखान्यात जायचे. अंधारी आली आणि बसून, खाऊन-पिऊन वीस मिनिटांत ती गेली नाही, किंवा शुद्ध हरपली, तरीही तेच. मोबाइलमध्ये डॉक्टरांचा आणि 108 रुग्णवाहिकेचा क्रमांक ठेवावा आणि एकटीने निघताना घरी वाट सांगून जावे.